पाळी नको, सुटी सरकवा: ड्युटी बदलाच्या एका ईमेलमागचं गणित

गळीत हंगाम सुरू झाला की रेठरे बुद्रुकचा कृष्णा, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा असे सातारा-सांगलीचे साखर कारखाने रात्रंदिवस चालतात. गव्हाणीत ऊस पडत राहतो, बॉयलर पेटलेला असतो, आणि सफाईसाठी किंवा बिघाडामुळे थांबावं लागलं तरच यंत्रं थांबतात. तरीही आत काम करणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुटी मिळते. पाळ्या तीन, एका पाळीला माणूस एक. मग ज्याची सुटी असेल त्याच्या जागी कोण उभं राहतं?

ज्याला हे कोडं नीट सुटलेलं असतं त्यालाच पाळ्यांच्या बदलाचा ईमेल धड लिहिता येतो. नाहीतर नोटीस फळ्यावर "प्रशासकीय कारणास्तव पुढील आठवड्यापासून ड्युटी चार्टमध्ये बदल करण्यात येत आहे" एवढंच एक वाक्य चिकटतं आणि खरं कारण कँटीनमध्ये ज्याला जसं सुचेल तसं तयार होतं. म्हणून इथे एका विभागाचा चार्ट घेऊन बदल कसा ठरतो, तो कसा सांगायचा आणि अडीअडचणीला आपसांत अदलाबदल कशी करायची, ते पाहू. चार्ट आणि ईमेल नमुन्याचे आहेत. त्यांतली अडचण कुठल्याही हंगामी कारखान्यात भेटते.

साडेतीन माणसांचा हिशेब

आपण पॅन विभाग घेऊ. उसाच्या रसाचा आटवून केलेला घट्ट पाक इथे निर्वात पॅनमध्ये शिजवून साखरेचा दाणा धरला जातो. हे काम पॅनमनचं. बऱ्याच कारखान्यांत पाळ्या पहाटे ४ ते दुपारी १२, १२ ते रात्री ८ आणि ८ ते पहाटे ४ अशा असतात. त्यांना आपण पहिली, दुसरी, तिसरी म्हणू.

आठवड्याचे तास १६८. एका माणसाकडून आठवड्यात जास्तीत जास्त ४८ तास नेहमीचं काम घ्यायचं, ही मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्याने घातली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली, पण ४८ तास आणि एक सुटी ही चौकट तिथेही कायम आहे. १६८ ला ४८ ने भागलं की साडेतीन येतात. अर्धा माणूस मिळत नाही, म्हणून चार लागतात: तिघे ठरलेल्या पाळ्यांना आणि चौथा रिलीव्हर. तिघांच्या तीन सुट्या भरायचं काम रिलीव्हरचं. म्हणजे त्याच्या ठरलेल्या ड्युट्या आठवड्याला तीन, आणि राहिलेला वेळ कोणी आजारी पडलं किंवा रजेवर गेलं तर कामी येतो. पुढे सगळी मदार याच मोकळ्या वेळेवर आहे.

तिघांना आपण अ, ब आणि क म्हणू आणि रिलीव्हरला ड.

जुना चार्ट कुठे अडतो

पाळी दर सोमवारी बदलते. जुन्या चार्टात ती मागे सरकते, म्हणजे या आठवड्यात दुसरी केलेल्याला पुढच्या आठवड्यात पहिली आणि तिसरी केलेल्याला दुसरी.

आता ब चा रविवार पाहा. तो दुसऱ्या पाळीत आहे. रात्री ८ ला सुटतो आणि सोमवारी पहाटे ४ ला त्याची पहिली पाळी सुरू होते. मध्ये आठ तास आहेत. त्यातून गावी जायचा-यायचा वेळ वजा करा, जेवण-अंघोळ वजा करा, तीनला उठायचं धरा. गडी कसाबसा चार-साडेचार तास झोपतो. क चंही तसंच. त्याची रविवारची रात्रपाळी सोमवारी पहाटे ४ ला संपते आणि त्याच दिवशी दुपारी १२ ला तो पुन्हा हजर. फक्त अ सुखात असतो: रविवारी दुपारी १२ ला सुटला की थेट सोमवारी रात्री ८ ला, म्हणजे ३२ तासांनी.

झोप कमी झाली तर पॅनवर नेमकं काय बिघडतं? पॅनमन ठरावीक वेळाने पॅनमधून थोडं मॅसेक्विट, म्हणजे दाणे आणि पाक यांचं दाट मिश्रण, बाहेर काढतो. ते काचेच्या पट्टीवर पसरून उजेडासमोर धरतो. दाणे एकसारखे दिसले तर ठीक. त्यांच्या मध्ये धुळीसारखा नवा बारीक दाणा दिसायला लागला, तर पाक गरजेपेक्षा घट्ट झाला असं समजायचं आणि लगेच पाणी देऊन तो दाणा विरघळवायचा. हे लक्षात यायला उशीर झाला की बारीक दाणा पुढे सेंट्रिफ्युगल मशीनच्या जाळीतून मळीबरोबर निघून जातो, नाहीतर पॅनचा वेळ लांबतो आणि मागच्या टाक्यांत पाक तुंबतो. हे सगळं ठरतं एका काचेवरच्या दोन-चार सेकंदांच्या नजरेवर. माणसाची सावधता सगळ्यांत खाली जाते ती पहाटे तीन ते पाचच्या सुमाराला, आणि आपल्या तिसऱ्या पाळीचा शेवट आणि पहिलीची सुरुवात नेमकी तिथेच येते. त्याच वेळी डोळ्यांवर झोप असलेला माणूस दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागून अंधारात मोटारसायकल चालवत असतो, ते वेगळंच.

पाळी पुढे का सरकवायची

जत्रेत रात्री दोनपर्यंत तमाशा बघायला कोणालाच फार कष्ट पडत नाहीत, पण संध्याकाळी सातला "झोप" म्हटलं तर तासभर कूस बदलत पडावं लागतं. शरीराच्या आतलं घड्याळ बहुतेकांत २४ तासांपेक्षा थोडं जास्त चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला सोपं जातं आणि अलीकडे ओढणं जड जातं. पाळी पुढे सरकली, म्हणजे पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी आली, तर झोपेची वेळही पुढे सरकते. मागे सरकवली की शरीराला दर आठवड्याला उलटं ओढावं लागतं.

याची चांगली पडताळणी १९८२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. अमेरिकेतल्या युटा राज्यात, खाऱ्या पाण्याच्या मोठ्या सरोवराकाठी खनिजांचा एक कारखाना आहे. तिथले कामगार दर आठवड्याला मागे सरकणाऱ्या पाळीत काम करत. चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीची दिशा उलटवली आणि एका गटाला एकाच पाळीत २१ दिवस ठेवलं. कामगारांचं समाधान वाढलं, नोकरी सोडून जाणारे कमी झाले, उत्पादनही वाढलं. फायदा जास्त झाला तो २१ दिवसांच्या गटाला. तरी आपल्याकडे हंगामच मुळात काही महिन्यांचा, त्यात सलग तीन आठवडे रात्रपाळी घरचे मान्य करणार नाहीत आणि मीही कोणाला ती सुचवणार नाही. दिशा बदलणं मात्र आठवड्याच्या चार्टातही जमतं.

फक्त त्यात एक मेख आहे, आणि पाळी पुढे सरकवायला निघालेले बरेच जण तिथेच अडतात. पुढे सरकताना अ रविवारी दुपारी १२ ला सुटतो आणि सोमवारी दुपारी १२ ला येतो, म्हणजे २४ तास. ब रविवारी रात्री ८ ला सुटतो आणि सोमवारी रात्री ८ ला येतो, तेही २४ तास. पण क? त्याची रविवारची रात्रपाळी सोमवारी पहाटे ४ ला संपते आणि त्याच क्षणी त्याची पहिली पाळी सुरू होते. मध्ये शून्य तास. जुन्या चार्टात तिघांची विश्रांती ८, ८ आणि ३२ होती, नव्यात २४, २४ आणि शून्य. बेरीज दोन्हीकडे ४८ च. दिशा बदलून तास वाढत नाहीत, फक्त त्यांची वाटणी बदलते.

उपाय साप्ताहिक सुटीत आहे. रात्रपाळीवाल्याची सुटी कायम रविवारी ठेवायची. मग क ची शनिवारची रात्र रविवारी पहाटे ४ ला संपते, रविवारच्या रात्री ड उभा राहतो आणि क सोमवारी पहाटे ४ ला येतो. त्यालाही २४ तास मिळाले. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची सुटी पाळी संपल्यापासून पुढचे सलग २४ तास धरायची, असं कायदाच सांगतो, त्यामुळे ही सुटी त्या मापात अचूक बसते. सहा रात्रींनंतर एवढी विश्रांती भरपूर नाही, हे उघड आहे. नव्या चार्टातला सगळ्यांत नाजूक सांधा हाच आहे, आणि अदलाबदलीचा नियम लिहिताना तो आधी जपावा लागेल.

| पाळी | वेळ | सुटी | सुटीच्या दिवशी |
|---|---|---|---|
| पहिली | ४ ते १२ | बुधवार | ड |
| दुसरी | १२ ते ८ | शुक्रवार | ड |
| तिसरी | ८ ते ४ | रविवार | ड |

ड लाही यात क्रम पुढचाच मिळतो: बुधवारी पहिली, शुक्रवारी दुसरी, रविवारी तिसरी. या चार्टाची किंमतही सांगायला हवी. सुटी दर आठवड्याला पुढच्या वाराला जाते, त्यामुळे दोन सुट्यांच्या मध्ये कधी सलग आठ दिवस काम येतं आणि कधी फक्त दोनच. सुटी पुढे-मागे केली तरी सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, अशी कारखाना कायद्याची मर्यादा होती. आपण तिच्या आत आहोत. पण ज्याला आठ दिवस सलग यायचं आहे त्याला हे आधी कळलं पाहिजे, चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतः मोजून नव्हे.

ईमेल

आता चीफ केमिस्टने लिहायचं काय? मजकुराचा क्रम वाचणाऱ्याच्या प्रश्नांचा असावा: माझं काय बदलतंय, कधीपासून, का, आणि मला जमलं नाही तर काय करू.

> विषय: पॅन विभाग – सोमवार १२ जानेवारीपासून पाळीचा क्रम बदलत आहे
>
> सर्व पॅनमन आणि रिलीव्हर यांस,
>
> सोमवार १२ जानेवारीपासून पाळी पुढे सरकेल. पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, तिसरीनंतर पहिली. पाळ्यांच्या वेळा, पगार आणि आठवड्याची एक सुटी यांत काहीही बदल नाही.
>
> सुटीचे वार: पहिली पाळी बुधवार, दुसरी शुक्रवार, तिसरी रविवार. सध्या जे तिसऱ्या पाळीत आहेत त्यांची या वेळची सुटी रविवार ११ जानेवारीला राहील.
>
> कारण: सध्या पाळी बदलताना दोघांना फक्त आठ तास मिळतात आणि पुरेशी झोप न होता पॅनवर यावं लागतं. नव्या क्रमात प्रत्येकाला किमान २४ तास मिळतील. यात एक तोटा आहे. काही वेळा दोन सुट्यांच्या मध्ये सलग आठ दिवस काम येईल.
>
> सुटी सरकवायची असेल तर: पहिली आणि दुसरी पाळीवाल्यांना आपली सुटी एक दिवस आधी किंवा एक दिवस नंतर घेता येईल. रिलीव्हरशी बोलून दोघांची नावं आणि दोन्ही तारखा विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. निदान एक दिवस आधी. माझं 'मंजूर' आलं आणि टाइम ऑफिसने नोंद केली की सुटी सरकली. रविवारची सुटी सरकणार नाही.
>
> तीन आठवड्यांचा नावांसह चार्ट जोडला आहे. छापील प्रत टाइम ऑफिसजवळच्या फळ्यावर आहे. काही अडचण असेल तर गुरुवार ८ तारखेपर्यंत मला येऊन भेटा.
>
> चीफ केमिस्ट

हा ईमेल शुक्रवार २ जानेवारीला गेला असं धरा. दहा दिवस हातात आहेत, त्यात कोणाचं लग्नकार्य किंवा दवाखान्याची तारीख आडवी आली तर चार्ट लागू होण्याआधी दुरुस्त करता येतं. "काय बदलत नाही" हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात आलं आहे, कारण पाळीचं पत्र पाहिलं की माणूस पहिल्यांदा पगार आणि सुटी शोधतो. तोटा कारणाच्या शेजारीच लिहिला आहे. तो लपवला तर चार्टातले आठ दिवस कोणीतरी मोजणारच, आणि मग वरच्या खऱ्या कारणावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. ११ जानेवारीची ओळ विसरली असती तर नव्या चार्टाच्या पहिल्याच पहाटे क ला सलग सोळा तास उभं राहावं लागलं असतं. जुन्यातून नव्यात जाण्याचा दिवस ईमेलमध्ये वेगळा लिहावाच लागतो, कारण तो दोन्हीपैकी कुठल्याच चार्टात दिसत नाही.

छापील प्रत हवीच. पॅनवर उभ्या असलेल्या माणसाचा ईमेल आठवड्यातून एकदाही उघडला जात नसेल, तो फळ्यावरचा कागद मात्र वाचतो.

अदलाबदल: तुझी मला, माझी तुला का नको

सगळ्यांत सोपी वाटते ती एका दिवसाची पाळी बदलणं. अ ला मंगळवारी सकाळी मुलाला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात जायचं आहे. तो ब ला म्हणतो, "भाऊ, उद्या माझी सकाळ तू कर, तुझी दुपार मी करतो." ब हो म्हणतो. दोघंही समाधानी.

आता तास मोजा. ब सोमवारी रात्री ८ ला सुटला आणि मंगळवारी पहाटे ४ ला अ च्या जागी आला: आठ तास. अ मंगळवारी रात्री ८ ला सुटला आणि बुधवारी पहाटे ४ ला आपल्या नेहमीच्या पाळीला येणार असेल, तर त्यालाही आठच तास. त्या बुधवारी त्याची सुटी असली तर तो सुटला, ब मात्र अडकलाच. दुसरी आणि तिसरी यांची अदलाबदल केली तरी दोघांच्या वाट्याला तेच आठ तास येतात. पहिली आणि तिसरी बदलायला गेलात तर आधीची पाळी संपते तिथेच दुसरी सुरू होते. म्हणजे जो घोळ टाळायला चार्ट बदलला, तो एका गोड 'हो'मध्ये परत येतो. बदललेल्या चार्टाचा असा बोजवारा शेजारधर्मातूनच उडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून पाळी जागेवर ठेवून सुटी सरकवायची. अ ने त्या आठवड्यात बुधवारऐवजी मंगळवारी सुटी घेतली. मंगळवारी पहिलीला ड आला, बुधवारी अ स्वतः आला. ड ची रविवारची रात्र सोमवारी पहाटे ४ ला संपली होती, त्याला २४ तास मिळाले. अ च्या पाळीची वेळ बदललीच नाही, त्यामुळे त्याची झोप जिथल्या तिथे राहिली. ब ला काही कळलंही नाही. चौघांत कुठेही आठ तासांची फट पडली नाही.

ही सवलत एक दिवसापुरतीच का, तेही ड च्या बाजूने पाहिलं की कळतं. बुधवारची सुटी शुक्रवारपर्यंत नेली तर ड ला शुक्रवारी पहिली आणि दुसरी अशा दोन्ही पाळ्या लागोपाठ कराव्या लागतील. शुक्रवारची सुटी रविवारवर नेली तर त्याची दुपार आणि रात्र एकमेकांना भिडतात. आणि गुरुवार एकाच वेळी दोघांना देता येत नाही. पहिलीवाल्याने बुधवार पुढे ढकलून आणि दुसरीवाल्याने शुक्रवार अलीकडे ओढून तो मागितला तर ज्याचा निरोप ग्रुपवर आधी आला त्याचा गुरुवार. रात्रपाळीचा रविवार हलवला तर सोमवारी पहाटेची जुनी टक्कर परत येते, म्हणून तो पक्का. उरलेल्या सगळ्या शक्यता मोजून पाहिल्या तरी सलग कामाचे दिवस दहाच्या पुढे जात नाहीत.

दोन अटी मात्र विभाग बदलला की बदलतात. पॅनवर कुठलाही अनुभवी पॅनमन चालतो, पण बॉयलरवर त्या बॉयलरसाठी लागणारं प्रमाणपत्र असलेला अटेंडंटच हवा. तिथे रिलीव्हरचं प्रमाणपत्र आधी पाहायचं, सुटी नंतर. दुसरी अट नोंदीची. सूचनेत आणि नोंदवहीत आधी लिहिलेल्या वेळेखेरीज कामगाराला कामावर ठेवायचं नाही, हा कारखाना कायद्याचा दंडक होता. "सांगितलं होतं साहेब" ही नोंद होत नाही. पाळीत काही अपघात झाला आणि वहीत अ चं नाव, जागेवर ड, असं निघालं तर भरपाईच्या कागदापासून सगळं अडतं. म्हणून 'मंजूर' आणि टाइम ऑफिसची नोंद या दोन गोष्टी पाळी सुरू होण्याआधी झालेल्या असल्या पाहिजेत.

> थोडक्यात
> तीन पाळ्यांना साडेतीन माणसं लागतात, म्हणून चौथा रिलीव्हर. पाळी पुढे सरकवायची. रात्रपाळीची सुटी बदलाच्या आदल्या दिवशी, आणि ती हलवायची नाही. अडचण आली तर आपली सुटी रिलीव्हरशी बोलून एक दिवस मागे-पुढे. नोंद आधी, ड्युटी नंतर.

महिन्याभराने वही उघडा

नवा चार्ट बसला की नाही, ते विचारून नीट कळत नाही. समोरासमोर सगळे "बरं आहे साहेब" म्हणतात. ग्रुपवरचे सुटी सरकवल्याचे निरोप मात्र खरं बोलतात. चार आठवड्यांचे निरोप वार आणि पाळीप्रमाणे मांडले तर दोन चित्रं निघू शकतात. निरोप सगळीकडे थोडे-थोडे विखुरलेले असतील तर ती घरोघरची कामं आहेत, चार्टाचा दोष नाही. पण दुसऱ्या पाळीवाला कोणीही असो, तो दर वेळी शुक्रवार सोडून शनिवार मागत असेल, तर मुळात सुटीच शनिवारी द्यावी. हिशेब पाहा: शनिवारी दुपारची पाळी करून ड रात्री ८ ला सुटतो आणि रविवारी रात्री ८ ला येतो, त्याला २४ तास मिळतात, आणि सलग कामाचे दिवस एका बाजूला आठाचे नऊ होतात, दुसऱ्या बाजूला आठाचे सात. एवढा बदल करायला पुन्हा तसाच ईमेल लागेल, फक्त या वेळी कारणाच्या जागी चौघांनी स्वतःच पाठवलेल्या निरोपांचा हिशेब असेल.